देशांचे तीन अंकी संकेतांक

देशाला, किंवा ज्याची आकडेवारी वेगळी ठेवली जाते अशा प्रदेशाला, दिलेला तीन अंकांचा क्रमांक. आयएसओ ३१६६-१ या मानकात प्रत्येक देशाचे तीन संकेत शेजारीशेजारी असतात. भारतासाठी ते IN, IND आणि ३५६ असे आहेत. दोन आणि तीन अक्षरी संकेत १९७४ मधल्या पहिल्या आवृत्तीपासूनचे. अंक मात्र १९८१ च्या आवृत्तीत आले, आणि तेही उसने. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाची ‘एम ४९’ ही यादी त्याआधीपासून होती. क्रमांक आजही हाच विभाग ठरवतो आणि आयएसओ ते आपल्या तक्त्यात घेते.

तिन्ही संकेत एकाच ओळीत दिसत असल्यामुळे ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरता येतील असे वाटते. तसे नाही. अक्षरे देशाच्या नावाला चिकटलेली असतात, अंक त्याच्या भूभागाला. नाव बदलले की अक्षरे बदलू शकतात आणि अंक जागचा हलत नाही. सीमा मोठ्या प्रमाणात बदलली की अंक बहुधा बदलतो, मग नाव तेच राहिले तरी.

ब्रह्मदेशाचे नाव १९८९ मध्ये म्यानमार झाले. BU आणि BUR जाऊन MM आणि MMR आले, १०४ कायम राहिला. झाईरचे १९९७ मध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताक झाले, तेव्हा ZR चे CD झाले, १८० तसाच. जर्मनीत नेमके उलटे घडले. १९९० पूर्वी पश्चिम जर्मनीचा क्रमांक २८०, पूर्व जर्मनीचा २७८. एकीकरणानंतर नव्या जर्मनीला २७६ मिळाला, पण DE आणि DEU ही पश्चिम जर्मनीची अक्षरे तशीच पुढे चालू राहिली. नुसत्या DE कडे पाहून भूभाग वाढल्याचे कळायला काही मार्ग नाही.

क्रमांकांचा क्रम मुळात इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने लावलेला आहे, आणि पुढे भर घालता यावी म्हणून बहुतेक ठिकाणी चार-चारचे अंतर सोडलेले आहे: अफगाणिस्तान ००४, अल्बानिया ००८, अल्जीरिया ०१२. अंक नावाबरोबर हलत नसल्याने या क्रमात जुनी नावे पुरलेली सापडतात. श्रीलंकेचा १४४ हा चाड (१४८) आणि चिली (१५२) यांच्या आधी येतो, कारण तो ‘सिलोन’चा आहे. बुर्किना फासोचा ८५४ अमेरिकेच्या ८४० नंतर येतो, कारण तेव्हा त्या देशाचे नाव ‘अपर व्होल्टा’ होते.

कालमालिका बांधताना हा फरक अंगावर येतो. सुदानचे उदाहरण घेऊ. ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. संकेत असे बदलले:

```
2011 पूर्वी   सुदान          SD  SDN  736
2011 नंतर    सुदान          SD  SDN  729
             दक्षिण सुदान    SS  SSD  728
```

समजा कोणी २००५ ते २०१५ या काळातली सुदानची निर्यात काढायला बसले आहे आणि तक्ते SD वर जोडत आहे. मालिका अखंड येते, एकही वर्ष रिकामे नाही. पण २०११ नंतर निर्यात एकदम खाली गेलेली दिसते, आणि वाचणारा त्याचे कारण दर, युद्ध किंवा दुष्काळ यांत शोधू लागतो. प्रत्यक्षात तेलाच्या बहुतेक विहिरी दक्षिणेत होत्या आणि त्या दुसऱ्या देशात गेल्या. हाच तक्ता अंकांवर जोडला तर ७३६ ची मालिका तुटते आणि ७२९ ची नवी सुरू होते. काम अडते, चिडचिड होते, पण चूक लपत नाही. अखंड मालिका हवीच असेल तर ७२९ आणि ७२८ यांची बेरीज करून ती ७३६ ला जोडायची, आणि दोघांचा आपसातला व्यापार त्यातून वजा करायचा, कारण फाळणीपूर्वी तो देशांतर्गत होता. इथिओपियातही असेच घडले: १९९३ मध्ये इरिट्रिया (२३२) वेगळा झाल्यावर २३० चा २३१ झाला, ET तसाच राहिला.

म्हणजे अंक नेहमीच अधिक प्रामाणिक, असे म्हणावेसे वाटते. सीमाशुल्काच्या आकडेवारीत तेही पुरे पडत नाही. व्यापाराची नोंद सीमाशुल्क क्षेत्रानुसार होते, आणि ते क्षेत्र राजकीय नकाशाशी जुळतेच असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ‘कॉमट्रेड’ या व्यापार-माहितीसाठ्यात अमेरिकेचा क्रमांक ८४० नसून ८४२ आहे, कारण तिच्या व्यापाराच्या आकड्यांत प्वेर्तो रिको आणि व्हर्जिन बेटे धरलेली असतात. स्वित्झर्लंड ७५६ ऐवजी ७५७, कारण लिख्टेनस्टाइन त्याच सीमाशुल्क संघात आहे. फ्रान्स २५० ऐवजी २५१, त्यात मोनाको येते. भारत तिथे ६९९ आहे. ३५६ हा क्रमांक १९७४ पर्यंतच्या, सिक्कीम भारतात येण्यापूर्वीच्या आकड्यांसाठी राखलेला. आयएसओच्या यादीत मात्र भारत आजही ३५६ च आहे. कॉमट्रेडमध्ये ३५६ टाकून अलीकडची वर्षे मागितली आणि हाती काही आले नाही, तर व्यापार थांबलेला नसतो, क्रमांक चुकलेला असतो.

सीमाशुल्काच्या घोषणापत्रांवर आणि व्यापारी कागदपत्रांवर बहुतेक दोन अक्षरी संकेतच चालतो. पासपोर्टच्या यंत्रवाचनीय ओळींत तीन अक्षरी. अंकांचा मुक्काम सांख्यिकीत आणि कार्डाने पैसे देण्याच्या यंत्रणांत. अंकांचा एक गुण अक्षरांकडे नाही: त्यांना लिपी नसते. या नोंदीत ७२९ देवनागरीत लिहिला तरी वाचणाऱ्यासाठी तो तोच संकेत राहतो, SD मात्र रोमनमध्येच ठेवावा लागला.

अंकांचे दुखणे सुरुवातीच्या शून्याचे. संकेत हा मजकूर आहे, संख्या नव्हे. पण स्प्रेडशीट त्याला संख्या समजते आणि ब्राझीलचा ०७६ उघडताक्षणी ७६ होतो, बांगलादेशचा ०५० नुसता ५०. मग दुसऱ्या तक्त्याशी जुळवणी करताना १०० च्या खालचे सगळे देश गळतात. गळालेल्यांपैकी बहुतेकांची नावे A आणि B पासून सुरू होत असतील तर कारण हेच, हे ओळखायला वेळ लागत नाही. अक्षरांनाही असे अपघात होतात. नामिबियाचा NA काही सांख्यिकी प्रणाली ‘माहिती उपलब्ध नाही’ असा वाचतात आणि अख्खा देश पुसला जातो.

तीन अंक दिसले म्हणजे ते आयएसओचेच, हेही गृहीत धरू नये. युरोपीय संघाच्या व्यापार आकडेवारीत १९९८ पर्यंत देशांसाठी वेगळेच तीन अंक होते आणि १९९९ पासून तिथे दोन अक्षरे आली. त्या जुन्या यादीत फ्रान्स ००१, नेदरलँड्स ००३ आणि ००४ म्हणजे जर्मनी. एम ४९ मध्ये ००१ हे संपूर्ण जग आहे आणि ००४ अफगाणिस्तान. जुन्या युरोपीय फाइलमध्ये अफगाणिस्तान मोटारींचा मोठा निर्यातदार निघाला, तर यादी तपासावी.