खाण बंद झाल्यावर कोणाला विचारायचं? सैल धाग्यांच्या सिद्धांताची गोमंतकीय पार्श्वभूमी

सप्टेंबर 2012 मध्ये गोवा सरकारने खाणकाम थांबवलं आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या पट्ट्यात त्या पावसाळ्यानंतर ट्रक दारात उभे राहिले ते उभेच राहिले. खाणबंदीचं राजकारण आणि अर्थकारण यावर भरपूर लिहिलं गेलं. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र दुसराच प्रश्न विचारावा: नोकरी गेलेला माणूस पहिला फोन कोणाला करतो, आणि तो फोन बहुतेकदा वाया का जातो?

या प्रश्नाला उत्तर देणारी चौकट आली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन या गावातून. मार्क ग्रॅनोव्हेटर या तरुण संशोधकाने तिथल्या 282 पुरुषांकडून माहिती गोळा केली. त्यातल्या 100 जणांना तो प्रत्यक्ष भेटला, बाकीच्यांनी टपालाने उत्तरं पाठवली. सगळे पांढरपेशे होते: व्यावसायिक, तंत्रज्ञ, व्यवस्थापक. प्रश्न साधा होता, की तुम्हाला ही नोकरी आहे हे कळलं कसं? निम्म्याहून अधिक जणांना ती ओळखीतून कळली होती, यात नवल काही नाही. नवल पुढे होतं. ज्याने बातमी दिली त्याला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होतात, असं त्याने विचारलं. प्रत्यक्ष भेटलेल्या 100 जणांपैकी ओळखीतून नोकरी मिळालेल्या 54 जणांच्या उत्तरांत आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून जास्त भेटणारा माणूस फक्त 9 जणांनी सांगितला. 30 जणांना बातमी देणारा अधूनमधून भेटणारा होता, आणि 15 जणांना वर्षातून एकदा किंवा तेवढंही न भेटणारा. यावरचा त्याचा निबंध 1973 साली छापून आला. इंग्रजीत ज्याला वीक टाय म्हणतात त्याला पाठ्यपुस्तकी मराठीत ‘दुर्बल बंध’ म्हटलं जातं. मला तो शब्द आजारी वाटतो, म्हणून इथे मी सैल धागा आणि घट्ट धागा असंच म्हणेन.

सैल धागा कामाचा का, याचं कारण मायेत नाही, रचनेत आहे. तुमचे दोन जिवलग असतील तर तेही कधी ना कधी एकमेकांना ओळखू लागतात. त्यामुळे घट्ट धाग्यांचं वर्तुळ आपोआप बंद होतं आणि आतल्या सगळ्यांकडे तीच ती बातमी फिरत राहते. वर्तुळाबाहेर नेणारा दुवा, म्हणजे सेतू, जवळजवळ नेहमीच सैल असतो. तो घट्ट झाला तर दोन्हीकडची माणसं एकमेकांत मिसळतात आणि सेतू सेतू राहत नाही.

आता हे खाणपट्ट्यातल्या एका वाड्यावर मांडून बघू. वाडा कल्पित आहे, पण त्या भागात वाढलेल्याला अनोळखी वाटणार नाही. बारा घरं, प्रत्येक घरातला एक कमावता. पाच जणांचे खाणीवर ट्रक, दोघे त्या ट्रकांवर ड्रायव्हर, एक गॅरेजवाला, एक वजनकाट्यावर, एक बार्जवर, एकाचं हमरस्त्याला चहाभज्याचं दुकान, आणि एक शिक्षक. बारा जणांत 66 जोड्या होतात आणि इथे त्या सगळ्या जोड्या जुळलेल्या आहेत: कोणी मेहुणा, कोणी मावसभाऊ, उरलेले शेजारी, सगळे एकाच देवळाच्या भजनात. कागदावर यापेक्षा भक्कम जाळं सापडणार नाही. पण बाजारात खनिजाला मागणी होती तोवर ज्या जाळ्याने एकाला ट्रकचं कर्ज घ्यायला दुसरा जामीन मिळवून दिला, तेच जाळं ऑक्टोबर 2012 मध्ये एका दिवसात रिकामं झालं. बारापैकी अकरा जणांची कमाई एकाच खडकावर होती, चहावाल्याचीसुद्धा. बारावा शिक्षक. त्याच्या ओळखी बाहेर जातात, पण शिक्षकांतच जातात.

दोघा ड्रायव्हरांपैकी एकाचा पाठलाग करू. पहिल्या महिन्यात तो वाड्यातल्या अकराही जणांशी बोलतो, आणि अकराही जण त्याला तेच सांगतात की काहीतरी होईल, खाणी सुरू होतील. इथे कोणी खोटं बोलत नाही, कोणी हात आखडता घेत नाही. देण्यासारखी बातमीच वाड्यात नाही. मग पुढच्या चवथीला त्याच्या बायकोच्या माहेरी, माटोळीखाली बसलेला असताना, सासरवाडीच्या शेजारचा एक जण बोलतो. हा माणूस वर्षातून एकदाच भेटणारा. तो सांगतो की वेर्णाच्या वसाहतीत कामगारांची ने-आण करणाऱ्या एका बस कंत्राटदाराला अवजड वाहनाचा परवाना असलेले ड्रायव्हर हवे आहेत आणि सोमवारपासून माणसं घेताहेत. ही बातमी पेपरात येणार नाही, कारण कंत्राटदाराला आठवडाभरात जागा भरायच्या आहेत. ती चार दिवस जिवंत असते. ग्रॅनोव्हेटरची गोष्ट इथपर्यंत तंतोतंत जुळते.

पुढे ती जुळत नाही. सोमवारी कंत्राटदार परवाना बघतो आणि विचारतो, ‘‘तूं खंयचो? कोणाचो?’’ बस महाग, कामगार पहाटे थांब्यावर उभे, ड्रायव्हर न सांगता गैरहजर राहिला तर कारखान्याचा दंड कंत्राटदाराच्या माथी. त्याला हमी हवी. चवथीतला माणूस नाव सांगू शकतो, हमी देऊ शकत नाही, कारण तो या ड्रायव्हरला फारसा ओळखतच नाही. हमी येते ड्रायव्हरच्या मामाकडून, जो कंत्राटदाराच्या गावचा आहे. म्हणजे बातमी सैल धाग्याने आली आणि शब्द घट्ट धाग्याने टाकला.

बातमी आणि शब्द या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे सिद्धांताच्या इतिहासात जरा उशिरा ठसलं. यानजिए बियान याने चीनमधल्या तिआनजिन शहरातून 1988 साली गोळा केलेली माहिती 1997 मध्ये मांडली. तिथे त्या काळी नोकऱ्या सरकार वाटत असे. बाजार नव्हता, त्यामुळे कुठे जागा आहे या माहितीला फारशी किंमत नव्हती. किंमत होती अधिकाऱ्याच्या मर्जीची. अशी मर्जी वापरणं नियमाबाहेरचं, म्हणून ती अनोळख्यासाठी कोणी वापरत नाही. अर्जदार आणि अधिकारी यांचा थेट परिचय नसेल तर दोघांच्याही विश्वासातला तिसरा माणूस मध्ये लागतो, आणि दोन्ही बाजूंचे धागे घट्ट लागतात. गोव्यातल्या वाचकाला हे समजवायला चीनपर्यंत जाण्याची गरज नाही, वशिला हा शब्द पुरेसा आहे. सरकारी जागेची जाहिरात सगळ्यांनाच दिसते. तिथे ओळख वापरली जाते ती बातमीसाठी नव्हे. म्हणून विद्यार्थ्याने आपल्या निबंधात सरकारी नोकरी आणि कंत्राटदाराकडची नोकरी एकाच तक्त्यात घातली की सैल-घट्टचा हिशेब एकमेकांना खाऊन टाकतो आणि हाती काहीच लागत नाही.

दुसरी अडचण मोजपट्टीची आहे. न्यूटनमध्ये भेटींची संख्या हाच धाग्याच्या बळाचा अंदाज होता. ग्रॅनोव्हेटरच्या व्याख्येत वेळ, भावना, जवळीक आणि एकमेकांसाठी केलेली कामं असे चार घटक आहेत, पण मोजायला सोपी भेटच. गोव्यात ही पट्टी दोन्हीकडून मोडते. पोदेर रोज सकाळी पाव घेऊन दारात येतो, त्याच्याशी वर्षाला तीनशे भेटी होतात, धागा सैलच. उलट आखातात असलेला चुलतभाऊ दोन वर्षांनी एकदा येतो, पण एका फोनवर व्हिसाची खटपट सुरू करतो. भेटीच्या हिशेबात तो ‘क्वचित’मध्ये जाईल आणि विद्यार्थी आनंदाने लिहील की बघा, सैल धागा जिंकला. वास्तविक ती निजलेली घट्ट नाती आहेत. म्हणून मुलाखतीत ‘किती वेळा भेटायचात’ याच्या जोडीला ‘त्याच्या घरच्या कार्याला गेला नसतात तर चाललं असतं का?’ असं विचारून पाहावं. आणि प्रश्न बातमी मिळण्याआधीच्या काळाचा हवा. नोकरी लावून देणारा माणूस नंतर जवळचा होतोच, मग आठवणीत तो आधीपासूनच जवळचा असतो.

नातं आणि ओळख यांच्या मधली एक जागा गोमंतकीयांनी फार आधी शोधली होती. मुंबईच्या धोबीतलावच्या आसपास एकोणिसाव्या शतकापासून गोव्यातल्या गावागावांचे क्लब होते, त्यांना कूड म्हणत. मुख्यतः ख्रिस्ती खलाशांचे आणि आचाऱ्यांचे. भिंतीला लावलेल्या पेट्या, कोपऱ्यात गावच्या संताची वेदी, संध्याकाळी रोझरी. दोन जहाजांच्या मधल्या काळात तारवटी तिथे नाममात्र वर्गणीत राहायचा. प्रवेशाला गाव एक असणं पुरे होतं, नातं असण्याची अट नव्हती. जाळ्याच्या दृष्टीने यातली खुबी अशी की वेगवेगळ्या कंपन्यांच्या जहाजांवरून उतरलेली माणसं एकाच खोलीत पडलेली असत. गाव एक असल्यामुळे शब्द चालत असे, जहाजं वेगळी असल्यामुळे बातमी नवी असे. खाणीच्या वाड्यात पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती.

घट्ट जाळं माणसाला अडकवूनही ठेवतं, याचा पुरावा मुंबईच्याच दादरमधून आला. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी 2006 मध्ये दाखवलं की ज्या जातींच्या पुरुषांना कारखान्यांतल्या कामगारी नोकऱ्या जातभाईंमार्फत मिळत आल्या, त्या जातींनी मुलग्यांना मराठी माध्यमातच ठेवलं. या जाळ्यात मुलींना जागाच नव्हती, त्या तुलनेने अधिक प्रमाणात इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. ज्यांना जाळ्याने हात दिला तेच बदलत्या बाजारात मागे राहिले. ट्रक दारात असताना बारावीनंतर पुढे कशाला शिकायचं, असं खाणपट्ट्यात म्हटलं गेलं, ते याच प्रकारचं गणित.

2022 साली लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरच्या प्रयोगांतून असं दिसलं की मध्यम सैल धागे सर्वांत कामाचे, अगदी तुटायला आलेले नव्हेत. आणि डिजिटल कामाचा भाग जास्त असलेल्या उद्योगांत सैल धाग्यांचा फायदा अधिक होता, इतरत्र घट्ट धागे वरचढ ठरले. बस कंत्राटदाराच्या दारात उभ्या ड्रायव्हरसाठी हे दुसरं निरीक्षण अधिक महत्त्वाचं आहे, पण निबंधांत उद्धृत होतं पहिलंच.

त्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं तेही जाळ्याच्या भाषेत नोंदवण्यासारखं आहे. दोन महिन्यांत त्याने वाड्यातल्या आणखी तिघांना त्याच कंत्राटदाराकडे नेलं. एक ड्रायव्हर, दोन ट्रकमालक. गॅरेजवाला मागोमाग बसच्या दुरुस्तीला लागला. चवथीतल्या त्या एका सैल ओळखीवर आता पाच घरं उभी राहिली, आणि पाचही जणांना कामाच्या बातम्या त्याच बसमधून, त्याच थांब्यावरून मिळू लागल्या. मार्च 2018 मध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या तेव्हा या पाच घरांना झळ लागली नाही. ती लागायची तर वेर्णाच्या कंत्राटदाराने बस विकायला हव्या होत्या.