डाळिंब तडकलं म्हणजे तेल्याच, असं नसतं राव

पेरू आणि डाळिंबाच्या खराब फळांचे फोटो टाकून काय झालंय ते विचारतात, त्यावर हे लिहितोय. पेरूचं थोडक्यात उरकतो, कारण फळमाशी बहुतेकांना कळते. फळमाशीचा डंख म्हणजे सुई टोचल्यासारखा बारीक खड्डा, दाबलं की भोवती मऊ लागतं आणि कापलं की आत अळ्या. वर उचललेल्या खरखरीत खपल्या असतील आणि आत गर चांगला असेल तर ती फळमाशी नाही. संपलं.

खरी गल्लत डाळिंबात. फळ तडकलं की लगेच फोटो, "तेल्या आलाय, काय मारू?" आणि खाली दहा जण औषधांची नावं लिहितात, डाग कुणी बघतच नाही. मला याचा जाम वैताग येतो.

तेल्या म्हणजे बॅक्टेरियाचा रोग, त्यात आधी डाग येतो, मग चीर पडते. डाग काळपट, तेलकट, ओलसर दिसणारा, आणि चीर त्या डागातूनच फुटते, बऱ्याचदा इंग्रजी एल किंवा वायसारखी. लिंबाएवढ्या फळावरही तो दिसतो. पाण्याच्या घोळाने जे तडकतं त्याची साल चिरेपर्यंत स्वच्छ असते, फळ बहुतेक काढणीच्या जवळ आलेलं असतं, लांब फाटतं आणि आतले दाणे दिसतात. साल कडक झालेली असते, त्यात एकदम पाणी मिळालं की दाणे फुगतात आणि साल ताण सोसत नाही, एवढंच. (कोवळी फळंच तडकत असतील तर बोरॉनची कमतरताही बघा.)

फसवतं ते पुढे, कारण तडकलेल्या फळाच्या कडेला तीन-चार दिवसात बुरशी चढते, कडा काळ्या पडतात आणि फोटोत ते हुबेहूब तेल्या वाटतं. म्हणून जुनं फळ दाखवू नका, त्याच झाडावरचं नुकतं तडकलेलं शोधा.

परवा सांगोल्याकडच्या एकाचा असाच फोटो आला, काळी चीर, सगळे तेल्या म्हणत होते. मी पानं आणि काडीचा फोटो मागवला. पानं उजेडाकडे धरली तरी पिवळ्या कड्याचे तेलकट डाग नाहीत, काडीचे पेरही काळे नाहीत. मग कळलं की मोटर जळाली म्हणून आठ दिवस ठिबक बंद होतं आणि वर मोठा पाऊस झाला. ताज्या फळाची चीर एकदम स्वच्छ निघाली. तिथे बॅक्टेरियाचं औषध मारून काय उपयोग, पाणी रोज थोडं थोडं द्यायचं.

डाग आहेत पण कोरडे, तेलकटपणा नाही आणि चीरही नाही, तर बुरशीचे ठिपके असू शकतात, आणि इथे फोटोवरून मी पैज लावणार नाही. डागाच्या कडेचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात सोडा, थोड्या वेळात दुधासारखी धार सुटली तर तेल्याचा संशय पक्का धरा. धार नाही सुटली तरी नाहीच असं नाही, डाग जुना असेल तर लॅबलाच पाठवा.

आणि फोटो फ्लॅश मारून काढू नका, ओलं फळ पण नको, सगळंच तेलकट दिसतं.