सामूहिक हमीचे कर्ज (सोलापूर)

जमीन, सोने किंवा घर तारण न ठेवता, गटातल्या सर्व सदस्यांनी एकमेकींच्या परतफेडीची जबाबदारी घेऊन मिळणारे छोटे कर्ज. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगार वस्त्यांत हे कर्ज दोन रूपांत दिसते. बचत गटात दहा ते वीस बायका आधी आपापसांत बचत करतात, त्या पैशातून एकमेकींना कर्ज देतात आणि मग गटाच्या नावावर बँकेकडे जातात. नाबार्डने 1992 साली गट बँकांना जोडण्याचा जो प्रयोग सुरू केला, त्यातून ही पद्धत देशभर पसरली. दुसरे रूप खासगी सूक्ष्मवित्त कंपन्यांचे. तिथे पाच-सात बायकांचा गट असतो, कर्ज प्रत्येकीच्या नावावर वेगळे असते, बचतीची अट नसते आणि हमी मात्र सगळ्यांची असते. ही मांडणी बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेच्या धर्तीवर आली.

हमी तारणाची जागा घेते ती माहितीच्या बळावर. विडी वळणारी बाई कारखान्याकडून पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणते आणि तिला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. तिच्या कमाईचा कागद बँकेच्या साहेबाला सहसा दिसत नाही. पण ती दिवसात किती विड्या वळते, नवऱ्याला काम आहे का, घरात दुखणे आहे का, हे शेजारणीला पक्के ठाऊक असते. म्हणून गटात कोणाला घ्यायचे, याची छाननी कर्ज देणाऱ्याआधी शेजारणीच करतात. कर्जाचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

उदाहरणासाठी पाच जणींनी प्रत्येकी 30,000 रुपये, वर्षाला 24 टक्के व्याजाने, दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच व्याज लागेल अशा बोलीवर, बारा महिन्यांसाठी घेतले असे धरू. प्रत्येकीचा मासिक हप्ता सुमारे 2,837 रुपये येतो. एकीचा हप्ता चुकला तर उरलेल्या चौघींना प्रत्येकी 709 रुपये जास्त घालावे लागतात. हे जड असले तरी निभते, आणि पुढच्या महिन्यात ती परतही करते. दोघी चुकल्या तर मात्र तिघींवर प्रत्येकी 1,891 रुपयांचा बोजा पडतो आणि त्यांचा हप्ता 4,728 रुपयांवर जातो. आतापर्यंत नियमित भरणारी बाईसुद्धा इथे विचार करते, की सगळ्यांचे भरणे शक्य नाही, मग आपलेच का भरावे? हमीचा धाक एकाएकी उलटा फिरतो आणि आख्खा गट थकबाकीत जातो.

सोलापुरात हा धोका आणखी वाढतो, कारण गटातल्या साऱ्याजणी बहुधा एकाच धंद्यातल्या असतात. विडीचे काम बंद पडले की पाचही घरांची मजुरी एकाच आठवड्यात थांबते. एकीच्या आजारपणाला सामूहिक हमी पुरते, सगळ्यांच्या बेकारीला पुरत नाही. म्हणून एक विडीवाली, एक भाजी विकणारी, एक शिवणकाम करणारी असा मिश्र गट जास्त टिकाऊ ठरतो. पण गल्लीत तो जमवणे सोपे नसते, कारण ओळख आणि विश्वास कामाच्या ठिकाणीच जुळतात.

गट बिघडू लागल्याची चिन्हे हप्ता चुकण्याच्या आधीच दिसतात. बाई स्वतः येत नाही, पैसे शेजारणीच्या हाती पाठवते. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज काढले जाते. सगळ्यांत घातक प्रकार म्हणजे एकीच्या नावावर कर्ज उचलून पैसे दुसरीने वापरायचे. कागदावर पाच कर्जे दिसतात, प्रत्यक्षात ती एकाच घरात गेलेली असतात, आणि त्या घरावर संकट आले की हमी देणाऱ्या चौघीही एकदम थकबाकीदार होतात.

आंध्र प्रदेशात 2010 साली अशाच साचलेल्या कर्जांतून आणि वसुलीच्या जाचातून मोठे संकट उभे राहिले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले. 2022 पासून वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारणाशिवाय दिलेले कर्जच सूक्ष्मवित्त मानले जाते, आणि घरातल्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. महिन्याला 14,000 रुपये येणाऱ्या घरासाठी ही मर्यादा 7,000 आहे. वरच्या उदाहरणासारखी दोन कर्जे त्या घरात असली, तर त्यांच्या हप्त्यांतच जवळपास 5,700 संपतात. शेजारणीचा चुकलेला हप्ता या हिशेबात धरलेला नसतो, ही त्यातली खरी उणीव आहे.

वसुलीबद्दलही नियम आहेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. वसुली कर्जदार आणि कंपनी दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणीच व्हायला हवी, आणि तिथे कर्जदार लागोपाठ दोन वेळा आली नाही तरच कर्मचाऱ्याला घरी जाता येते. मात्र गटातल्या बायकांनीच दारात येऊन बसणे या नियमांत कुठेच येत नाही, आणि वस्तीत खरा जाच बहुतेक वेळा तोच असतो.

बचत गटात हा ताण थोडा हलका असतो. बारा जणींनी महिन्याला शंभर रुपये टाकले तर सहा महिन्यांत 7,200 रुपये गटाचे स्वतःचे होतात. एकीला अडचण आली तर आधी त्या पैशातून भागवता येते, आणि अंतर्गत कर्जाचे व्याजही गटातच राहते. त्यासाठी बैठकीत प्रत्येकीची बचत आणि परतफेड सर्वांसमोर वाचून तिच्या पासबुकात नोंदवावी लागते. वही एकट्या सचिवाच्या घरी पडून राहिली आणि बैठक नुसत्या सह्यांपुरती उरली, की कोणाचे किती देणे आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि बँकेचे कर्ज फेडताना भांडण नेमके याच आकड्यावर होते.