गुणांची बेरीज की शेवटच्याला बाद: त्याच २१ चिठ्ठ्या, उलटा निकाल

पुण्यात पदवीधर मतदारसंघाची मतमोजणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘पसंतीक्रम’ म्हटलं की बाद फेऱ्या आठवतात. मंडळात किंवा सोसायटीत मात्र पसंतीक्रम लिहून घेतला की कुणीतरी सरळ गुण देऊन बेरीज करतं. चिठ्ठी दोन्हीकडे सारखीच दिसते, म्हणून मोजणीही एकच असेल असं वाटतं. ती तशी नाही.

समजा, कोथरूडच्या एका सोसायटीतल्या २१ जणांना पावसाळी सहलीसाठी राजगड, सिंहगड आणि लोहगड यांतून निवड करायची आहे. प्रत्येकाने तिन्ही गडांना क्रम दिला. चिठ्ठ्या अशा निघाल्या:

९ जण: राजगड, सिंहगड, लोहगड
७ जण: लोहगड, सिंहगड, राजगड
४ जण: सिंहगड, लोहगड, राजगड
१ जण: सिंहगड, राजगड, लोहगड

आधी गुणपद्धत. फ्रेंच गणिती बोर्दा यांनी ती १७७० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर मांडली, म्हणून तिला बोर्दा पद्धत म्हणतात. तीन पर्याय असतील तर पहिल्याला २ गुण, दुसऱ्याला १, तिसऱ्याला ०. सिंहगडला २६, राजगडला १९, लोहगडला १८ गुण मिळतात. बेरीज तपासायची सोपी खूण अशी की, प्रत्येक चिठ्ठी एकूण ३ गुण वाटते, म्हणजे २१ चिठ्ठ्यांचे ६३ व्हायलाच हवेत. तेवढे भरले नाहीत तर बेरीज चुकली आहे, नाहीतर एखाद्या चिठ्ठीवर क्रम अर्धवट आहे किंवा एकच आकडा दोनदा पडला आहे.

आता त्याच चिठ्ठ्या बाद पद्धतीने मोजू. इथे आधी फक्त पहिली पसंती मोजायची: राजगड ९, लोहगड ७, सिंहगड ५. निम्म्याहून अधिक, म्हणजे ११, कुणालाच नाहीत. सिंहगड शेवटी, म्हणून तो बाद. त्याच्या ५ चिठ्ठ्या पुढच्या पसंतीकडे जातात, ४ लोहगडकडे आणि १ राजगडकडे. लोहगड ११, राजगड १०. क्रम लागला लोहगड, राजगड, सिंहगड. गुणपद्धतीच्या बरोबर उलटा!

सिंहगडचं काय झालं ते नीट पाहायला हवं. एकास एक लावलं तर तो राजगडला १२–९ आणि लोहगडला १४–७ असा हरवतो. तरी तो तळाला गेला, कारण १६ जणांनी त्याला दिलेली दुसरी पसंती कुणी उघडून पाहिलीच नाही. ज्यांची पहिली पसंती अजून स्पर्धेत आहे, त्यांची दुसरी पसंती बाद पद्धत वाचतच नाही. त्यामुळे या पद्धतीने विजेता निवडणं एक वेळ ठीक, पण बाद होण्याचा क्रम उलटा लावून ‘ही लोकांची आवडीची यादी’ म्हणून फलकावर लावणं चुकीचं आहे.

मग गुणच बरे? त्यांचं दुखणं वेगळं आहे. यादीत आणखी एक नाव घालू: तोरणा. समजा, सगळ्यांनी त्याला राजगडच्या लगेच खाली लिहिलं. जुन्या तीन गडांबद्दल कुणाचंही मत तसूभर बदललेलं नाही. आता गुण ३, २, १, ०. नवी बेरीज राजगड ४०, सिंहगड ३८, लोहगड २९, तोरणा १९. जिंकायची शक्यता नसलेला तोरणा आला आणि सिंहगड हरला, कारण राजगडच्या ९ चिठ्ठ्यांवर तो दुसऱ्यावरून तिसऱ्यावर ढकलला गेला. बाद पद्धतीत तोरणा शून्य पहिल्या पसंतीवर लगेच बाहेर जातो आणि निकाल होता तसाच राहतो. म्हणून गुणपद्धत वापरायची तर नावांची यादी आधी बंद करावी. आपल्या गडाला सोबती जोडायची मुभा कुणालाही देऊ नये. पदवीधर मतदारसंघात तर पहिली सोडून पुढच्या पसंती देणं ऐच्छिक असतं, आणि अर्धवट चिठ्ठ्यांना गुण कसे द्यायचे यावरही निकाल फिरू शकतो.

बाद पद्धतीत मतदाराला वेगळा पेच पडतो. राजगडवाल्या ९ जणांना नकोसा लोहगड मिळाला. त्यांच्यातल्या तिघांनी सिंहगड पहिला लिहिला असता, तर राजगड ६ वर येऊन बाद झाला असता आणि सिंहगड १४–७ ने जिंकला असता. आवडता गड पहिला लिहिल्यामुळेच नावडता पदरात पडला.

आणि दोघांनीच तसं केलं असतं तर? ७–७–७. बरोबरीत कुणाला काढायचं, हे तेव्हा चिठ्ठ्या ठरवत नाहीत. राजगड किंवा लोहगड काढला तर सिंहगड जिंकतो, सिंहगड काढला तर लोहगड. म्हणून बरोबरीचा नियम पेटी उघडण्याआधी लिहून ठेवावा. आकडे दिसल्यावर लिहिला तर विजेता नियम लिहिणाराच ठरवतो.