लांबलचक बिल, दोन फोटो आणि चौथं पेन

हातभर लांब बिल एका फोटोत घ्यायला गेलं की अक्षरं मुंगीएवढी होतात आणि वाचताच येत नाहीत, म्हणून आपण दोन-तीन फोटो काढतो, थोडा थोडा भाग दोन्हीकडे येईल असे. मग ते जोडायचे कसे? पहिल्यांदा डोक्यात येतं ते पॅनोरमा, डोंगरदऱ्यांचे फोटो फोन जोडतो तसं. मीपण आधी तेच केलं आणि फसलो. कारण पॅनोरमाचं गणित धरून चालतं की कागद सपाट आहे, आणि बिलाचा कागद रोलमधून आलेला, त्यामुळे टोकांना वळलेला, मधे घडी पडलेली, वरचा फोटो काढताना एक वळण आणि खालचा काढताना दुसरंच. मग सांध्यावर ओळी एकमेकींवर चढतात, किंवा एखादी अर्धी गायब होते. त्यात बिलावर सगळं एकसारखंच दिसतं, तेच आकडे तीच अक्षरं, त्यामुळे सॉफ्टवेअर भलत्याच ओळी जुळवून बसतं.

म्हणून चित्र जोडायचंच नाही. प्रत्येक फोटो वेगळा ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने, वाचून घ्यायचा, ओळींची यादी करायची आणि याद्या जोडायच्या. पहिल्या यादीचं शेपूट आणि दुसरीचं डोकं कुठे सारखं आहे एवढंच बघायचं. फोटोच्या कडेला अर्धवट कापलेली ओळ मात्र आधीच टाकून द्यायची, ती दुसऱ्या फोटोत पूर्ण असते.

सारखं म्हणजे अगदी तंतोतंत नाही हां. ओसीआर एकदा ‘साबण’ वाचतं, एकदा ‘सावण’. दोन शब्दांत किती अक्षरं बदलली, वाढली, गळली हे मोजायचं एक माप आहे, व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने 1965 साली मांडलेलं, त्यात हा फरक फक्त 1 येतो, म्हणजे ओळ तीच धरायची. वस्तूच्या नावात एक-दोन चुका चालवून घ्यायच्या, रकमेत नाही. नाव जुळतंय पण रक्कम वेगळी असेल तर ती ओळ संशयित म्हणून बाजूला ठेवायची आणि फोटोत डोळ्यांनी बघायची.

आता खरी गंमत. समजा पहिल्या फोटोत टूथपेस्ट 95, साबण 38, मग पेन 10, पेन 10, पेन 10. दुसऱ्या फोटोत पेन 10, पेन 10, वही 45, बॅटरी 50, आणि खाली एकूण 268. शेपूट-डोकं जुळवलं तर एक पेन सामाईक धरलं तरी जुळतं, दोन धरली तरी जुळतं. सहसा प्रोग्रॅम जास्तीत जास्त लांब जुळणी घेतो, म्हणजे दोन, आणि यादीत तीन पेनं राहतात. बेरीज करून बघा: 95+38+30+45+50 म्हणजे 258. दहा कमी! एकच सामाईक धरलं तर पेनं चार होतात आणि बेरीज 268, बरोब्बर. म्हणजे लांब जुळणी ही चूक होती, आणि ती पकडली खालच्या एकूण रकमेने. म्हणून जितक्या जुळण्या शक्य आहेत तितक्या सगळ्या ठेवायच्या आणि बेरजेला निवडू द्यायचं.

पण बेरजेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. समजा ओसीआरने बॅटरीचे 50 चे 60 वाचले (5 आणि 6 हा घोळ पुसट छपाईत नेहमीचा). मग दोन सामाईक धरलेली चुकीची यादीसुद्धा 268 देते, कारण एका चुकीने दुसरी झाकली! इथे बऱ्याच बिलांवर छापलेली वस्तूंची संख्या कामाला येते. त्यावर 8 असेल तर 7 वस्तूंची यादी बाद, आणि मग 8 वस्तूंची बेरीज 278 आली की कळतं की आता गडबड एखाद्या आकड्यात आहे, सांध्यात नाही. बिलावर सूट किंवा वेगळा कर असेल तर त्या ओळीही बेरजेत धरायच्या, नाहीतर काहीच जुळणार नाही आणि तुम्ही उगाच सांधा शोधत बसाल.

संख्या छापलेलीच नसेल तर? मग कागदाकडे बघायचं. घडी, डाग, सुरकुती या गोष्टी दोन्ही फोटोंत त्याच ओळीपाशी असतात. घडी पहिल्या फोटोत शेवटच्या पेनाखाली असेल आणि दुसऱ्यात पहिल्या पेनाखाली, तर ते एकच पेन, विषय संपला. मी तर आता फोटो काढायच्या आधी मधल्या एखाद्या ओळीसमोर पेन्सिलने बारीक टिंब देतो आणि ते टिंब दोन्ही फोटोंत येईल असं बघतो, शिवाय सामाईक भागात पाच-सहा ओळी तरी ठेवतो, त्यातली एक अशी की जी बिलात दुसरीकडे कुठेच नाही. सात पेनं सलग असतील तर ती सगळी एकाच फोटोत घ्यायची, सांधा तिथे पाडायचाच नाही.