जुळलेलं उलट भाषांतर काय सांगत नाही

«इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी भाषांतर दुसऱ्या अनुवादकाकडून परत इंग्रजीत आणलं. हे उलट भाषांतर मूळ इंग्रजीशी तंतोतंत जुळलं, म्हणजे प्रश्नावली तयार ना?»

नाही. उलट उगाच जास्तच जुळलं, तर मला शंका येते.

एसएफ-३६ या आरोग्यविषयक प्रश्नावलीच्या पहिल्या आवृत्तीत उदासीबद्दल विचारताना ‘ब्लू’ हा शब्द येतो. कुणी त्याचं ‘मला निळं वाटलं’ केलं, तर दुसरा अनुवादक ते परत इंग्रजीत नेताना बरोबर ‘ब्लू’च लिहील. जुळणी शंभर टक्के, पण मराठी वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. ‘मन खिन्न होतं’ हे योग्य भाषांतर मात्र परत जाताना ‘सॅड’ होईल आणि चुकीचं दिसेल! म्हणून मराठीत दोन स्वतंत्र भाषांतरं करून ती एकत्र करावीत, उलट भाषांतर फक्त सुटलेला किंवा फिरलेला अर्थ पकडायला वापरावं.

त्याच आवृत्तीत ‘एक ब्लॉक चालणं’ आहे, म्हणजे अमेरिकी शहरात एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत. ब्रिटिश आवृत्तीत तिथे १०० यार्ड आले; शब्द बदलला, अंतराचा अंदाज टिकला.

खरी कसोटी त्यानंतर लागते. पाच-आठ सामान्य माणसांना प्रश्न वाचायला द्या आणि विचारा, ‘तुमच्या शब्दांत सांगा, इथे काय विचारलंय?’ कुणी अडखळलं किंवा भलतंच सांगितलं, की तो प्रश्न परत टेबलावर घ्यायचा.