दोनचा ‘वर्गमूळ दोन’वा घात म्हणजे नेमके काय?

गणकयंत्रात २, घाताचे बटण आणि √२ असे क्रमाने दाबले की २.६६५१४४१४… असे उत्तर येते. शाळेत मात्र आपण शिकलेलो असतो की २ चा ५ वा घात म्हणजे २ ही संख्या पाच वेळा घेऊन केलेला गुणाकार. मग ‘√२ वेळा’ गुणाकार कोणी आणि कसा केला? हा प्रश्न मुळीच बाळबोध नाही, कारण वारंवार गुणाकाराची व्याख्या येथे खरोखरच संपते आणि नवी व्याख्या करावी लागते.

घातांक अपूर्णांक असेल तोवर अडचण येत नाही. २ चा १.४१ वा घात म्हणजे २ च्या १४१ व्या घाताचे शंभरावे मूळ. √२ मात्र कोणत्याही दोन पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिता येत नाही, त्यामुळे ‘कितवे मूळ घ्यायचे’ याला उत्तरच उरत नाही. म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी अपूर्णांकांच्या चिमट्यात पकडायचे. √२ ही संख्या १.४१ आणि १.४२ यांच्या मध्ये आहे, आणि घातांक वाढला की २ चा घातही वाढतो, म्हणून आपले उत्तर २.६५७३ पेक्षा मोठे आणि २.६७५९ पेक्षा लहान असायला हवे. १.४१४ आणि १.४१५ घेतले, तर ते २.६६४७ आणि २.६६६६ यांच्या मध्ये येते.

चिमटा आवळत जातो हे दिसले, पण तो पूर्ण मिटतो कशावरून? दोन बाजूंमध्ये थोडीशी फट कायमची राहिली, तर त्या फटीतल्या असंख्य संख्यांपैकी उत्तर कोणते, हे ठरवता येणार नाही. या शंकेचे निरसन मला या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो. (१ + १/१०००) या संख्येचा १००० वा घात विस्तारून लिहिला, तर त्याची पहिली दोनच पदे १ आणि १००० × १/१०००, म्हणजे पुन्हा १, अशी येतात. उरलेली सगळी पदे धन असतात. म्हणजे तो घात २ पेक्षा मोठा आहे, आणि त्यामुळे २ चे हजारावे मूळ १.००१ पेक्षा लहान आहे. आता १.४१४ आणि १.४१५ या घातांकांत १/१००० चाच फरक आहे, म्हणून चिमट्याची वरची बाजू म्हणजे खालची बाजू गुणिले हेच हजारावे मूळ. खालची बाजू ३ पेक्षा लहान असल्याने दोहोंतले अंतर ०.००३ च्या आतच राहते. हजाराऐवजी दहा लाख घेतले, तर ते ०.०००००३ च्या आत येते. फट हवी तितकी लहान करता येते आणि संख्यारेषेवर कोठेही खिंडार नाही, म्हणून सर्व चिमट्यांच्या आत एक आणि एकच संख्या सापडते. तिलाच आपण २ चा √२ वा घात म्हणतो. दशांश स्थळे कधी संपत नाहीत म्हणून अशा संख्यांना ‘गूढ’ किंवा ‘अनिश्चित’ म्हणण्याची एक हौस दिसते, तिला काहीच आधार नाही. ही संख्या ३ इतकीच निश्चित आहे.

प्रत्यक्ष आकडेमोडीसाठी मात्र २ च्या १४१ व्या घाताचे शंभरावे मूळ काढत बसणे सोयीचे नाही. त्याऐवजी केवळ वर्गमुळांवर काम भागते. २ चे वर्गमूळ, त्याचे वर्गमूळ, पुन्हा त्याचे, असे करत गेले की २ चे चौथे, आठवे, सोळावे, बत्तिसावे मूळ ओळीने हाती येते. हेन्री ब्रिग्ज यांनी १६२४ साली प्रसिद्ध केलेल्या लॉगॅरिदमच्या कोष्टकांसाठी १० या संख्येची अशीच एकापाठोपाठ ५४ वर्गमुळे हाताने काढली होती. आता √२ चे तुकडे करू: १ + १/४ + १/८ + १/३२ + १/१२८ यांची बेरीज १.४१४०६२५ होते. घातांकांची बेरीज म्हणजे घातांचा गुणाकार, म्हणून

२ × १.१८९२०७ × १.०९०५०८ × १.०२१८९७ × १.००५४३० = २.६६४८६५ (सुमारे).

घातांकात अजून ०.०००१५१ उरले आहेत. इतक्या लहान घातांकासाठी २ चा घात म्हणजे जवळजवळ १ अधिक त्या घातांकाची ०.६९३१ पट (०.६९३१… हा २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम). म्हणून २.६६४८६५ ला १.०००१०५ ने गुणले की २.६६५१४५ मिळते आणि पहिली पाच दशांश स्थळे बरोबर येतात. यंत्रातही सहसा असाच लॉगॅरिदमचा मार्ग असतो: √२ ला ०.६९३१४७ ने गुणून आलेल्या ०.९८०२५८ या संख्येइतका, नैसर्गिक लॉगॅरिदमचा पाया असलेल्या e या संख्येचा घात काढायचा.

ही सारी रचना पाया धन असेल तरच टिकते. पाया −२ घेतला, तर १.४ म्हणजे ७/५ या घातांकासाठी पाचवे मूळ ऋण का होईना, पण मिळते, १.४१ साठी मात्र ऋण संख्येचे शंभरावे मूळ लागते आणि वास्तव संख्यांमध्ये ते नसते. चिमट्याच्या बाजूच सापडत नाहीत, म्हणून −२ चा √२ वा घात वास्तव संख्यांमध्ये या मार्गाने ठरवता येत नाही.